पांढऱ्यातलं पांढरं ओळखताना

रेडिऑलॉजी शिकणाऱ्या डॉक्टरांसमोर मॅमोग्राम ठेवला की पहिल्या काही सेकंदांतच कुणीतरी पडद्याकडे बोट दाखवून म्हणतं, "ही बघा गाठ." गाठ तिथे खरोखरच असते. पण मी ज्या मॅमोग्रामविषयी लिहिणार आहे, त्यात ती गाठ निरुपद्रवी आहे आणि जे बघायला हवं ते दुसऱ्याच स्तनात, जवळजवळ न दिसण्याइतकं बारीक आहे. शिकवायला मी तो वारंवार घेते, कारण त्यात मॅमोग्राम वाचण्याच्या तीन मुख्य गोष्टी एकत्र भेटतात: स्तनाची घनता, गाठ आणि कॅल्शियमचे कण यांतला फरक आणि जुन्या चित्रांशी तुलना.

शिकवण्यासाठी ठेवलेल्या मॅमोग्रामवरून बाईचं नाव पुसलेलं असतं. रोजच्या कामातल्या मॅमोग्रामपेक्षा तो आणखी एका बाबतीत वेगळा असतो. त्याचं उत्तर माहीत असतं. पुढे बायोप्सी झाली, तिचा अहवाल आला, किंवा पुढची काही वर्षं काहीच झालं नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे आपण काय पाहिलं आणि काय सुटलं हे पडताळून बघता येतं. इथे सांगतेय ती केस एका विशिष्ट बाईची नाही. अशा बऱ्याच केसेसमधून शिकवण्यापुरती ती बेतलेली आहे, पण तिच्यातलं प्रत्येक निरीक्षण नेहमी भेटणारं आहे.

बाई ५४ वर्षांच्या. पाळी थांबून चार वर्षं झालेली. तक्रार काहीच नाही, हाताला काही लागत नाही, तपासणी केवळ ठरल्यावेळी म्हणून केलेली. पडद्यावर चार चित्रं आहेत: प्रत्येक स्तनाची दोन, एक वरून खाली घेतलेलं आणि एक तिरकं, आतल्या बाजूकडून काखेकडे. उजवं आणि डावं एकमेकांना पाठ लावून ठेवतात, म्हणजे छातीकडची बाजू मध्यभागी आणि दोन्ही स्तनाग्रं बाहेरच्या बाजूंना. आरशातल्या प्रतिमेप्रमाणे दोन बाजू जुळवून बघता याव्यात, म्हणून ही मांडणी.

रोग शोधण्याआधी चित्र वाचण्याजोगं आहे का, हे बघावं लागतं. तिरक्या चित्रात छातीचा स्नायू निदान स्तनाग्राच्या पातळीपर्यंत खाली उतरलेला दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर स्तनाचा मागचा भाग यंत्राच्या बाहेर राहिला, आणि जे चित्रात आलंच नाही त्याबद्दल कुणी काहीही सांगू शकत नाही. स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबतात त्याचंही कारण हेच. दाबल्यानं आतल्या ऊती पसरतात, एकमेकींवरचा थर पातळ होतो, हालचाल थांबते आणि कमी क्ष-किरणांत काम भागतं. दाब काही सेकंदांचाच असतो, पण दुखतं हे खरं आहे. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी पाळीनंतरच्या आठवड्यात तपासणी केली तर त्रास कमी होतो.

आपल्या केसमध्ये चित्रं नीट आली आहेत. आता घनता.

मॅमोग्राममध्ये चरबी काळसर दिसते, कारण क्ष-किरण तिच्यातून सहज जातात. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारी तंतुमय ऊती पांढरी दिसते. कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. सगळी अडचण या एका गोष्टीतून उभी राहते. काळ्या पार्श्वभूमीवर एक सेंटिमीटरची पांढरी गाठ चटकन उठून दिसते. पण आजूबाजूला ग्रंथींचा पांढरा पसारा असेल तर तीच गाठ शोधणं म्हणजे कापसाच्या गंजीत पांढरा मणी शोधणं. अशा स्तनात गाठ असूनही चित्रात दिसत नाही, आणि वाचणाऱ्यानं कितीही डोळे ताणले तरी ती दिसत नाही.

म्हणून प्रत्येक अहवालात घनता लिहिली जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीनं तयार केलेली बाय-रॅड्स ही पद्धत आज जगभर, आपल्याकडेही, वापरली जाते. तिच्यात ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी. बी म्हणजे चरबीत ग्रंथींचे विखुरलेले पांढरे पट्टे. सी म्हणजे ग्रंथी बऱ्याच, पण एकसारख्या पसरलेल्या नाहीत, आणि त्यांच्याआड लहान गाठ लपू शकते. डी म्हणजे स्तन जवळपास पूर्ण पांढरा. अमेरिकेत तपासल्या जाणाऱ्या दर दहा स्त्रियांमध्ये साधारण एक ए मध्ये, चार बी मध्ये, चार सी मध्ये आणि एक डी मध्ये येते. म्हणजे सी किंवा डी हा शेरा फारच सामान्य आहे. ते रोगाचं नाव नाही.

या वर्गीकरणात २०१३ साली एक बदल झाला, आणि तो मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. त्याआधी स्तनाचा किती टक्के भाग पांढरा आहे यावर वर्ग ठरायचा: २५ टक्क्यांपर्यंत एक, ५० पर्यंत दुसरा, असं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनं टक्के काढून टाकले. कारण असं की, एखाद्या स्तनात एकूण पांढरा भाग थोडाच असतो, पण तो एकाच ठिकाणी गच्च साठलेला असतो. तिथे गाठ असेल तर ती लपणारच. टक्केवारीनं असा स्तन बी मध्ये गेला असता. आता त्याला सी म्हणतात. म्हणजे घनता लिहिताना वाचणारा रंगाचं क्षेत्रफळ मोजत नसतो, तो स्वतःच्या नजरेची मर्यादा लिहून ठेवत असतो. मॅमोग्रामचा अहवाल हातात आला की ही ओळ आधी वाचावी, कारण पुढच्या सगळ्या ओळींवर किती भरवसा ठेवायचा ते तिच्यावरून कळतं. एका मोठ्या अमेरिकन पाहणीत चरबीयुक्त स्तनांत मॅमोग्रामनं १०० पैकी सुमारे ८७ कॅन्सर पकडले, तर अतिशय घन स्तनांत सुमारे ६३. घनतेमुळे नजर चुकण्याची शक्यता वाढते, शिवाय घन स्तनात कॅन्सर होण्याचा धोकाही थोडा जास्त असतो. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक बाईला तिच्या स्तनाची घनता कळवणं मॅमोग्राफी केंद्रांना बंधनकारक झालं आहे.

घनतेबद्दल दोन गैरसमज नेहमी भेटतात. पहिला, हाताला टणक लागणारा स्तन म्हणजे घन स्तन. तसं नाही; घनता चित्रातच कळते, हाताला नाही. दुसरा, एकदा सी लिहिलं की कायम सी. वय वाढतं, पाळी थांबते, ग्रंथी आक्रसतात आणि बऱ्याच जणींची घनता उतरते. वजन खूप घटलं किंवा पाळी थांबल्यावर हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या, तर ती वाढलेलीही दिसते. शिवाय बी आणि सी यांच्या सीमेवरचा स्तन एक डॉक्टर बी म्हणेल आणि दुसरा सी. त्यात दोघांपैकी कुणी चुकलेलं नसतं.

आपल्या केसमधला स्तन सी वर्गातला आहे. दोन्ही बाजूंना, वरच्या आणि बाहेरच्या भागात ग्रंथी दाट आहेत. स्तनातल्या बहुतेक ग्रंथी तिथेच असतात. इथे विद्यार्थ्यांनी मनाशी नोंद करायची ती अशी: या भागात मला लहान गाठ दिसणार नाही, गरज पडली तर सोनोग्राफी लागेल. मात्र एक गोष्ट दाट भागातही दिसू शकते. कॅल्शियमचे कण ग्रंथींपेक्षाही पांढरे, अगदी चमकदार असतात.

आता ती गाठ, जिच्याकडे पहिलं बोट गेलं होतं. उजव्या स्तनात, खालच्या बाहेरच्या भागात, १८ मिलिमीटरची लंबगोल गाठ आहे. तिला गाठ म्हणण्यासाठी एक अट पूर्ण व्हावी लागते: ती दोन्ही चित्रांत, वरून आणि तिरक्या बाजूनं, दिसली पाहिजे. ग्रंथींचे दोन पदर एकमेकांवर आले की एका दिशेनं गाठीचा भास होतो आणि दुसऱ्या दिशेनं तो विरून जातो. ही गाठ दोन्हीकडे दिसते, म्हणजे ती खरी आहे.

मग बघायची तिची कड. गाठीच्या आकारमानापेक्षा कड कितीतरी जास्त सांगते. सौम्य गाठ वाढताना शेजारच्या ऊतींना बाजूला सारते, त्यामुळे तिची सीमा रेखीव राहते. कॅन्सर शेजारच्या ऊतींत घुसतो. त्याची कड धूसर होते, आणि तो आजूबाजूचे तंतू आपल्याकडे ओढत असेल तर गाठीतून चहूकडे बारीक रेषा निघालेल्या दिसतात. अशा रेषा दिसल्या आणि तिथे पूर्वी शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर गाठ सात मिलिमीटरची का असेना, बायोप्सी करावीच लागते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रणही असाच दिसू शकतो, म्हणून तंत्रज्ञ मॅमोग्राम काढण्याआधी अंगावरच्या जुन्या टाक्यांची चौकशी करतात. तो प्रश्न टाळू नये.

आपल्या गाठीची कड सगळीकडून स्वच्छ आहे. तिच्या आत जाड, ओबडधोबड, मक्याच्या लाहीच्या आकाराचे पांढरे ठिपके आहेत. हे फायब्रोअडेनोमाचं रूप. तरुण वयात होणारी ही सौम्य गाठ पाळी थांबल्यावर सुकत जाते आणि सुकताना तिच्यात कॅल्शियम साचतं. हे ठिपके इतके ओळखीचे आहेत की त्यांच्यासाठी बायोप्सी लागत नाही. चित्रातली सगळ्यात ठळक गोष्ट अशी निकालात निघते.

डाव्या स्तनाकडे वळलं की पहिल्यांदा डोळ्यात भरतो तो वरच्या बाहेरच्या भागातला एक पांढरट पट्टा. उजवीकडे तसा नाही. दोन बाजू जुळवून बघण्यातून सापडलेली ही गोष्ट आहे, पण ती फक्त तिरक्या चित्रात दिसते, वरून घेतलेल्यात नाही. तिला गाठ म्हणायचं नाही. असमानता म्हणायचं आणि पुढे जायचं. तिचा निर्णय नंतर होईल.

आणि मग, डाव्या स्तनाच्या आतल्या बाजूला, चित्र मोठं केल्यावरच लक्षात येणारे ठिपके. प्रत्येक कण अर्ध्या मिलिमीटरहून लहान. एकमेकांच्या जवळ, सुमारे सव्वा सेंटिमीटरच्या पट्ट्यात, चौदा. शिकणाऱ्यांपैकी बरेच जण इथपर्यंत येतच नाहीत. गाठ सापडल्याच्या समाधानात त्यांचा शोध थांबलेला असतो. रेडिऑलॉजीत ही चूक सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही ती होत राहते. त्यामुळे एक गोष्ट सापडली की उरलेलं चित्र पुन्हा पहिल्यापासून बघायचं, अशी शिस्त लावून घ्यावी लागते.

स्तनातलं कॅल्शियम हा शब्द ऐकला की बायका दूध पिणं थांबवतात, हाडांसाठी दिलेल्या गोळ्या बंद करतात. त्याची काही गरज नाही. या कणांचा खाण्यातल्या कॅल्शियमशी संबंध नाही. ते तिथल्या पेशींच्या घडामोडींतून तयार होतात, आणि बहुतेक वेळा त्या घडामोडी निरुपद्रवी असतात. त्वचेतल्या कणांचा मध्य पोकळ दिसतो. धमन्यांच्या भिंतीतलं कॅल्शियम दोन समांतर रेषांत धावतं. लहान गाठींतल्या द्रवात तरंगणारे कण वरून घेतलेल्या चित्रात नुसतेच धूसर दिसतात. पण बाई उभी असताना बाजूनं चित्र घेतलं की ते द्रवाच्या तळाशी बसतात आणि चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. एवढ्या एका चित्रावर बाईची बायोप्सी टळते. काखेत लावलेली पावडर किंवा डिओडरंटही असेच ठिपके उमटवतं, म्हणून तपासणीच्या दिवशी ते लावू नये असं सांगतात.

काळजी कोणत्या कणांची करायची? यासाठी कॅन्सरची सुरुवात कशी होते ते बघावं लागतं. दूधनलिकेच्या आत पेशी बेसुमार वाढू लागल्या, पण नलिकेची भिंत ओलांडून बाहेर गेल्या नाहीत, तर त्या अवस्थेला डीसीआयएस म्हणतात. नलिका पेशींनी गच्च भरते. मध्यभागातल्या पेशींपर्यंत रक्तातला प्राणवायू पोचत नाही, त्या मरतात, आणि त्या मृत पेशींत कॅल्शियम साचतं. हे सगळं नलिकेच्या आत होत असल्यानं कणांना नलिकेचाच आकार येतो. कण गोल राहत नाहीत. तुटके, वेडेवाकडे, लांबट होतात, एका रांगेत येतात, कधी नलिकेला फाटा फुटतो तिथे फाटे फुटलेले दिसतात. म्हणून दोन प्रश्न विचारायचे: कणाचा आकार कसा आहे, आणि कण कसे पसरलेत? दोन्ही स्तनांत सर्वत्र विखुरलेले गोल कण बहुधा निरुपद्रवी. एकाच स्तनात, एका रांगेत, स्तनाग्राच्या दिशेनं जाणारे वेडेवाकडे कण संशयास्पद.

गाठ आणि कण यांतला खरा फरक इथे कळतो. गाठ म्हणजे पेशींनी जागा व्यापली आहे, आणि ती पुरेशी मोठी झाली तर हाताला लागते, सोनोग्राफीतही दिसते. कण म्हणजे पेशींच्या मरणाची मागे राहिलेली खूण. ते हाताला कधीच लागत नाहीत, आणि सोनोग्राफीतही बहुतेक वेळा दिसत नाहीत. ते दाखवण्यात मॅमोग्रामचा हात धरणारं दुसरं साधन नाही. बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सॉलोमन यांनी १९१३ साली, शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या स्तनांची क्ष-किरण चित्रं घेऊन त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सरच्या जागी बारीक ठिपके दिसतात हे तेव्हा प्रथम नोंदलं गेलं. त्या ठिपक्यांचं निदानातलं महत्त्व पुढे उरुग्वेच्या राऊल लेबोर्न्ये यांनी दाखवून दिलं, आणि स्तन दाबून चित्र घ्यावं हा आग्रहही त्यांचाच.

आता जुनी चित्रं. आपल्या बाईंकडे दोन वर्षांपूर्वीचा आणि चार वर्षांपूर्वीचा, असे दोन्ही मॅमोग्राम आहेत. ते आजच्या चित्रांच्या शेजारी लावायचे. शिकवताना मी ते मुद्दाम उशिरा दाखवते. प्रत्यक्ष कामात ते सुरुवातीलाच लावलेले असतात.

उजवीकडची गाठ चार वर्षांपूर्वीही होती. तेव्हा ती २० मिलिमीटरची होती आणि आत दोन-तीनच ठिपके होते. आज ती किंचित आक्रसली आहे आणि ठिपके जाड झाले आहेत. फायब्रोअडेनोमा असाच सुकतो. डावीकडचा पांढरट पट्टा चार वर्षांपूर्वी होता, दोन वर्षांपूर्वी होता, आज तसाच आहे, तसूभरही बदल नाही. तो तिच्या ग्रंथींचा जन्मजात नकाशा आहे. कुणाचेही दोन स्तन तंतोतंत सारखे नसतात. जुनी चित्रं नसती तर या पट्ट्यासाठी बाईंना परत बोलवावं लागलं असतं, तेवढाच भाग दाबून जादा चित्र, मग सोनोग्राफी, मधल्या आठवड्याची धास्ती. जुन्या चित्रांमुळे ते सगळं टळलं. तुलनेचा हा पहिला उपयोग, आणि संख्येनं बघितलं तर हाच मोठा: काही नसताना उगाच परत बोलवल्या जाणाऱ्या स्त्रियांची संख्या जुनी चित्रं हाताशी असली की कमी होते.

डावीकडच्या आतल्या भागात चार वर्षांपूर्वी काहीही नाही. दोन वर्षांपूर्वी, आज आपल्याला जागा माहीत आहे म्हणून, तीन ठिपके दिसतात. त्या वेळी ते पाहूनही कुणी बाईंना परत बोलवलं नसतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं; तीन बारीक गोल ठिपके कितीतरी स्त्रियांत असतात. आज चौदा आहेत आणि ते रांगेत आहेत. संख्या वाढली, आकार बदलला, मांडणीला दिशा आली. यातली एकही गोष्ट एकट्या चित्रात दिसली नसती.

तुलना करताना फक्त मागच्या वर्षीचं चित्र बघून थांबू नये, शक्य असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जुनं चित्रही लावावं. हळू वाढणारा बदल एका वर्षात इतका थोडा असतो की दोन शेजारची वर्षं सारखीच वाटतात. चार वर्षांपूर्वीचं आणि आजचं शेजारी ठेवलं की तो समोर येतो.

मात्र तुलनेलाही मर्यादा आहेत. चार वर्षांपूर्वी स्तन थोडा वेगळ्या कोनात दाबला गेला असेल, तर जुनी गाठ नवी वाटते किंवा नवी गाठ जुनी. जुनं यंत्र फिल्मचं आणि आजचं डिजिटल असेल, तर आज जास्त दिसणारे कण खरोखर वाढले की यंत्र चांगलं झालं, हे बघावं लागतं. आणि सर्वांत महत्त्वाचं: बदल नाही म्हणजे धोका नाही, असं म्हणता येत नाही. कडेतून रेषा निघालेली गाठ दोन वर्षं तेवढीच राहिली, तरी ती तपासावीच लागते. काही कॅन्सर अतिशय सावकाश वाढतात. आधी रूप बघायचं, मग बदल. वाईट रूपाला स्थिरता माफ करत नाही.

आपल्या बाईंच्या अहवालावर बाय-रॅड्स ० असा शेरा पडतो. तो बघून पुष्कळ जणी घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की अजून माहिती हवी. त्यांना मॅग्निफिकेशन चित्रासाठी बोलवतात. त्यात स्तन यंत्राच्या पटलापासून उंचावर, एका चौथऱ्यावर ठेवतात, त्यामुळे कण दीडपट ते दुप्पट मोठे दिसतात. कण लांबट आहेत, दोन ठिकाणी फाटा फुटलेला आहे. आता शेरा ४ सी: कॅन्सर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, बायोप्सी करावी. इथे अहवाल घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. नुसता ४ हा आकडा फार रुंद आहे. ४ ए मध्ये ही शक्यता दहा टक्क्यांच्या आत असते. आकड्यापुढचं अक्षर डॉक्टरांना विचारून घ्यावं.

कण सोनोग्राफीत दिसत नसल्यानं बायोप्सीची सुई मॅमोग्रामच्याच मार्गदर्शनाखाली घालतात. काढलेल्या तुकड्यांचंही लगेच क्ष-किरण चित्र घेतात. तुकड्यांत कण दिसले तरच नेम बरोबर लागला असं म्हणायचं. कण नसतील तर पॅथॉलॉजीचा "कॅन्सर नाही" हा अहवाल ग्राह्य धरता येत नाही, कारण तो शेजारच्या निरोगी भागाचा असू शकतो. या केसमध्ये तुकड्यांत कण आहेत आणि निदान डीसीआयएस आहे. कॅन्सर नलिकेबाहेर पडलेला नाही. तो हाताला लागण्याची वेळ अजून बरीच दूर होती.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत चित्र वेगळं असतं. आपल्याकडे सर्वांसाठी मॅमोग्रामची सरकारी मोहीम नाही. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी हातानं तपासावेत, असं धोरण आहे. त्यामागे अनुभव आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ मध्ये शहरातल्या दीड लाखांवर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास सुरू केला आणि वीस वर्षं तो चालवला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत अशा हातानं केलेल्या तपासणीमुळे स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. त्यामुळे आपल्याकडे मॅमोग्राम बहुधा गाठ लागल्यानंतर काढला जातो, आणि तो बाईचा पहिलाच असतो. त्याच्या शेजारी लावायला काहीच नसतं. अशा वेळी वाचणाऱ्यापाशी दोनच आधार उरतात: दुसरी बाजू आणि सोनोग्राफी.

म्हणून हाताला गाठ लागत असेल आणि मॅमोग्राम स्वच्छ आला, तर तेवढ्यावर घरी जाऊ नका. अहवालातली घनता बघा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा. मॅमोग्राम काढला असेल तर मूळ चित्रांची सीडी किंवा फिल्म मागून घ्या, निव्वळ अहवालाचा कागद पुरत नाही. मोबाइलवर काढलेल्या फोटोत अर्धा मिलिमीटरचे कण उरत नाहीत, तो तुलनेच्या कामाचा नसतो. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी ती सीडी बरोबर न्या, आणि पुढच्या तपासणीला, आत जाण्याआधीच, ती तंत्रज्ञाच्या हातात द्या.